उमराहचं विमान तिकीट: रद्द केलं तर किती परत मिळतात, बॅग किती न्यायची, तारीख कशी बदलायची? घरातल्या बुजुर्गांसाठी सोपा हिशेब

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वरसारख्या गावातून उमराहला किंवा आखाती देशातल्या मुलाकडे जायचं म्हटलं की आधी नांदेड गाठायचं, तिथून रेल्वेने हैदराबाद किंवा मुंबई, आणि मग विमान. तिकीट बहुतेक वेळा एजंटकडून निघतं. पैसे रोख दिले जातात आणि हातात एक कागद येतो किंवा मुलाच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. त्या कागदावर काय लिहिलंय ते घरात कुणी वाचत नाही. वाचायची वेळ येते ती कुणी आजारी पडल्यावर, किंवा विमानतळावर बॅग काट्यावर ठेवल्यावर.

तिकिटाचे नियम त्याच कागदावर असतात. फक्त ते इंग्रजीत आणि संक्षेपात असतात. म्हणून या लेखात आपण एक उदाहरण घेऊ. समजा, सिद्धेश्वरचे सत्तरीतले एक चाचा आणि चाची उमराहला निघालेत. हैदराबाद ते जेद्दाह, जाणं-येणं. तिकीट हिंगोलीच्या एका एजंटकडून काढलं. चाचांना जे प्रश्न पडले, त्यांची उत्तरं एकेक करून पाहू. उदाहरणातल्या रकमा हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत, तुमच्या तिकिटावर त्या वेगळ्या असतील. हिशेबाची पद्धत मात्र हीच.

"बेटा, एका तिकिटाचे बत्तीस हजार सातशे दिले. हे सगळे विमानवाल्याचे का?"

नाही चाचा. ही एक रक्कम दिसते, पण तिच्यात चार वेगवेगळ्या रकमा आहेत, आणि तिकीट रद्द झालं की प्रत्येकीचं नशीब वेगळं असतं.

पहिली, मूळ भाडं. कागदावर Base Fare असं लिहिलेलं असतं. आपल्या उदाहरणात २२,००० रुपये. दुसरी, इंधनाचा अधिभार. तो कागदावर Fuel Charge किंवा नुसता YQ अशा दोन अक्षरांत असतो. इथे ६,००० रुपये. हे दोन्ही पैसे विमान कंपनीचे. तिसरी रक्कम म्हणजे सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क. विमानतळ वापरल्याबद्दल प्रवाशाकडून जे घेतात ते UDF या अक्षरांनी दाखवतात. इथे मिळून ४,००० रुपये धरू. हे पैसे कंपनी दुसऱ्यासाठी गोळा करते, तिचे स्वतःचे नसतात. चौथी रक्कम एजंटची, म्हणजे त्याचं सेवा शुल्क, ७०० रुपये.

बेरीज ३२,७०० रुपये. चाचा-चाचींचे मिळून ६५,४०० रुपये.

आपल्याकडे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी कार्यालय म्हणजे डीजीसीए. रिफंडबद्दल त्यांचा नियम आहे, त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कंपनीने रद्द करण्यासाठी कितीही दंड लावला तरी तो मूळ भाडं आणि इंधन अधिभार या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे इथे २८,००० ही कमाल मर्यादा. दोन, सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं. तिकिटावर मोठ्या अक्षरात NON-REFUNDABLE छापलेलं असलं तरी, आणि प्रवासी विमानतळावर पोचलाच नाही तरी. "नॉन रिफंडेबल आहे, एक रुपया मिळणार नाही" असं कुणी सांगितलं, तर ते अर्धंच खरं. मूळ भाडं जाईल, पण ही तिसरी रक्कम मागायचा हक्क राहतो. परदेशी कंपनीचं तिकीट असेल तर रिफंडला त्या कंपनीच्या देशाचे नियम लागू होतात. म्हणून तिथे तिकीट काढतानाच विचारून घ्यावं.

एजंटचे ७०० रुपये परत येत नाहीत असंच धरून चला. रद्द करायलाही तो वेगळं शुल्क घेतो. ते किती, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

"चाची पडली, पाय मोडला. आता बारा दिवसांवर जाणं आलंय. काय करावं?"

आता खरा हिशेब. समजा, या तिकिटाच्या नियमात असं लिहिलंय: उड्डाणाच्या चार दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर दर माणशी ७,००० रुपये कापणार. तारीख बदलली तर ४,००० रुपये आणि वर भाड्यातला फरक. रद्द करायला किंवा तारीख बदलायला एजंटचं शुल्क ५०० रुपये.

चाचांसमोर तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता, तिकीट रद्द करणं. कंपनीकडे गेले होते ३२,०००. त्यातून ७,००० कापले, उरले २५,०००. एजंटचे ५०० वजा जाता हातात २४,५००. दोघांचे ४९,००० परत. म्हणजे ६५,४०० मधले १६,४०० रुपये गेले.

दुसरा रस्ता, तारीख पुढे ढकलणं. इथेच बहुतेकांची गफलत होते. "चेंज चार्ज चार हजार" ऐकून वाटतं की चार हजारांत काम झालं. पण "भाड्यातला फरक" हे शब्द जास्त महत्त्वाचे आहेत. तुम्ही तिकीट काढलं तेव्हा भाडं एक होतं, नव्या तारखेला आजचं भाडं दुसरं असतं. समजा, चाचांनी नवी तारीख रमजानमधली धरली आणि त्या दिवशीचं भाडं ९,००० रुपयांनी जास्त आहे. मग एका माणसाचे ४,००० अधिक ९,००० अधिक एजंटचे ५००, म्हणजे १३,५०० रुपये. दोघांचे २७,०००. हेच रमजाननंतरच्या रिकाम्या दिवसांत, भाडं पहिल्याएवढंच असताना ढकललं असतं, तर दोघांचे ९,००० रुपयांत भागलं असतं.

मग रद्द करून नवं तिकीट काढलेलं बरं का? तेही मोजून पाहा. रद्द करण्यात माणशी ८,२०० गेले. रमजानचं नवं तिकीट एजंटच्या शुल्कासह ४१,७०० रुपयांना पडेल. म्हणजे एकूण खिशातून गेले ४९,९००. तारीख बदलली असती तर पहिले ३२,७०० आणि वरचे १३,५०० मिळून ४६,२००. इथे बदलणंच स्वस्त. पण नव्या तारखेचं भाडं पहिल्यापेक्षा बरंच कमी असेल तर उलटं होतं. कारण भाडं कमी झालं तरी तो फरक कंपनी सहसा परत देत नाही. तेव्हा रद्द करून नव्याने काढणं फायद्याचं ठरू शकतं. म्हणून एजंटला दोन्ही आकडे विचारायचे आणि कागदावर मांडूनच ठरवायचं.

डॉक्टरांनी पाय कधी बरा होईल हे सांगितलं नसेल, तर तारीख बदलू नका. पुन्हा बदलावी लागली तर पुन्हा चेंज चार्ज, पुन्हा फरक. अशा वेळी रद्द करून पैसे घरी आणलेले बरे.

तिसरा रस्ता म्हणजे काहीच न करणं. दुखण्याच्या धावपळीत घरात हेच होतं. तिकिटाची आठवण कुणाला राहत नाही आणि विमान निघून जातं. याला कंपनीच्या भाषेत "नो शो" म्हणतात. मग मूळ भाडं आणि अधिभार दोन्ही जातात. परत मागता येतात ते फक्त कर आणि विमानतळाचं शुल्क, माणशी ४,०००. दोघांचे ५७,४०० रुपये बुडाले. बारा दिवस आधी एक फोन केला असता तर १६,४०० गेले असते. म्हणून आजारपण आलं की दवाखान्याच्या कागदांबरोबर तिकिटाचा कागदही बाहेर काढा. रद्द करण्याचा दंड बऱ्याच तिकिटांवर प्रवासाची तारीख जवळ येईल तसा वाढत जातो.

"रेल्वे लेट झाली तर?"

तोही नो शो. विमान उभं आहे, पण काउंटर बंद झालं, तरी नो शोच. परदेशी उड्डाणाचं चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, काही कंपन्यांचं त्याच्याही आधी. हैदराबादचं विमानतळ शहराबाहेर शमशाबादला आहे. नांदेडहून आलेली गाडी सिकंदराबाद किंवा काचीगुडाला उतरवते, तिथून विमानतळापर्यंत रस्त्याने बराच वेळ लागतो. गाडी उशिरा आली ही रेल्वेची अडचण, विमान कंपनी ती मान्य करत नाही. म्हणून सकाळच्या विमानासाठी आदल्या रात्रीची गाडी धरू नका, एक दिवस आधी पोचा.

असाच धोका दोन वेगळ्या तिकिटांत आहे. समजा, हैदराबाद ते मुंबई एका कंपनीचं स्वस्त तिकीट आणि मुंबई ते जेद्दाह दुसऱ्या कंपनीचं. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही नुसते गैरहजर. दोन्ही प्रवास एकाच बुकिंग क्रमांकावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असतील, तर मात्र पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी राहते. कागदावर पीएनआर एक आहे की दोन, हे आधी बघा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जाण्या-येण्याच्या तिकिटात जाण्याचं विमान सोडलं, तर बहुतेक कंपन्या येण्याचं तिकीट आपोआप रद्द करतात. "जाताना मुलाबरोबर दुसऱ्या विमानाने गेलो, येताना याच तिकिटावर येऊ" असं चालत नाही. तिकीट ज्या क्रमाने काढलं त्याच क्रमाने वापरावं लागतं. तसंच, जाणं वापरून झालं आणि येणं रद्द केलं, तर अर्धे पैसे परत येतात असं समजू नका. कंपनी आधी झालेल्या प्रवासाचं एकेरी भाडं लावते, आणि ते जाण्या-येण्याच्या निम्म्यापेक्षा बरंच जास्त असतं. म्हणून हातात थोडंच पडतं.

"तिकीट काढलं आणि घरी येऊन मन बदललं तर?"

यासाठी डीजीसीएच्या नियमात एक छोटी खिडकी आहे. २०२५ मध्ये नियम असा होता की बुकिंग केल्यापासून २४ तासांच्या आत दंडाशिवाय तिकीट रद्द करता येत होतं किंवा बदलता येत होतं. मात्र उड्डाण किमान सात दिवस लांब असावं लागत होतं. ही मुदत ४८ तासांची करण्याचा आणि परदेशी उड्डाणासाठी पंधरा दिवसांची अट ठेवण्याचा मसुदा डीजीसीएने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला होता. चाचांनी हिशेब सावधपणे करावा: तास २४ धरायचे आणि उड्डाण पंधरा दिवसांच्या पुढचं असेल तरच या सवलतीवर विसंबायचं. या मुदतीत दुसरी तारीख घेतली तर दंड लागत नाही, पण भाड्यातला फरक द्यावा लागतो. तिकीट एजंटकडून काढलं असेल तर ही सवलत मिळेल का, हे त्याच दिवशी विचारा.

याच २४ तासांत करायचं दुसरं काम म्हणजे नाव तपासणं. आपल्याकडे हा घोळ जास्त होतो. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आणि सगळं नाव एकाच ओळीत, असं बऱ्याच बुजुर्गांचं असतं. कुणाचं "शेख" पुढे, कुणाचं मागे. आधारवर "बी", पासपोर्टवर "बेगम". तिकीट पासपोर्टवरच्या अक्षरांप्रमाणेच हवं, आधारप्रमाणे किंवा घरात हाक मारतात तसं नव्हे. कंपनीच्या वेबसाइटवरून थेट काढलेल्या तिकिटातली नावाची चूक २४ तासांत दाखवली तर ती दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. पण दुरुस्ती म्हणजे त्याच माणसाच्या नावातली अक्षरं नीट करणं. चाचींच्या जागी भाभींचं नाव घालता येत नाही. विमानाचं तिकीट एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

"बॅग किती किलो न्यायची? एजंट म्हणतो छेचाळीस."

छेचाळीस म्हणजे काय, ते कागदावर बघा. बॅगेच्या ओळीत दोन प्रकारे लिहिलेलं असतं. कुठे 30K असं असतं, म्हणजे एकूण तीस किलो, बॅगा कितीही करा. कुठे 2PC असतं, म्हणजे दोन नग, आणि प्रत्येक नगाची मर्यादा वेगळी, सहसा २३ किलो. दोन नगांचे मिळून ४६ होतात, पण एक बॅग ३० किलोची आणि दुसरी १६ ची केली तर बेरीज तीच असूनही तीस किलोची बॅग जास्त धरतात आणि पैसे लावतात. आणि ३२ किलोच्या वरची एक बॅग सहसा कुणीच घेत नाही. ती उचलणाऱ्या हमालांसाठीची ही मर्यादा आहे. घरातल्या काट्यावर आधी स्वतः उभं राहायचं, मग बॅग हातात घेऊन उभं राहायचं, दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे बॅगेचं वजन.

आता दोन तिकिटांचा मामला पुन्हा येतो. देशातल्या विमानात साध्या तिकिटावर साधारण १५ किलो आणि हातातली बॅग ७ किलो एवढंच असतं. जेद्दाहहून मुंबईला ४६ किलो आणलं आणि मुंबई ते हैदराबाद वेगळं तिकीट असेल, तर तिथे पंधराच्या वरच्या प्रत्येक किलोचे पैसे पडतात. तिकिटावर वाचवलेले हजार-दोन हजार तिथेच जातात. एकाच पीएनआरवर असेल तर शेवटपर्यंत सहसा परदेशी प्रवासाचंच वजन चालतं.

बॅगेच्या आकाराचंही बघा. जेद्दाह विमानतळावर दोरीने बांधलेली, चादरीत गुंडाळलेली आणि गोल गाठोड्यासारखी बॅग घेत नाहीत. आपल्याकडे पांघरूण-चादरीचं बोचकं बांधायची सवय आहे, ते तिथे काउंटरवर सोडावं लागतं. सपाट बाजूंची, चेनवाली बॅग घ्या.

आणि झमझम. पाच लिटरची सीलबंद बाटली विमानतळावर मिळते तीच घ्यायची, कॅन घरच्या बॅगेत कपड्यांत लपवून ठेवायचा नाही. ही बाटली वजनात मोजतात की वरून देतात, हे कंपनीवर अवलंबून असतं, आणि ते आधी विचारायलाच हवं. जुलै २०१९ मध्ये काय झालं ते आपल्या भागातल्या हाजींना आठवत असेल. एअर इंडियाच्या जेद्दाह कार्यालयाने ४ जुलैला कळवलं की जेद्दाह-हैदराबाद-मुंबई आणि जेद्दाह-कोची या विमानांत १५ सप्टेंबरपर्यंत झमझमचे कॅन नेता येणार नाहीत. कारण असं दिलं की विमान बदललं आहे आणि जागा कमी आहे. लोकांनी आवाज उठवला. काही दिवसांतच कंपनीने माफी मागितली आणि सांगितलं की प्रवाशाला ठरवून दिलेल्या वजनाच्या आत झमझम नेता येईल. त्या खुलाशातले "ठरवून दिलेल्या वजनाच्या आत" हे शब्द नीट वाचा. म्हणजे ४६ किलो भरून झाल्यावर झमझमचे पाच किलो वेगळे नाहीत, ते आतच बसवायचे. म्हणून येताना बॅगेत सहा-सात किलोची जागा मोकळी ठेवूनच खजूर घ्या.

"विमानवाल्यानेच विमान रद्द केलं तर?"

मग दंडाचा प्रश्नच नाही. तुम्हाला पूर्ण पैसे परत किंवा दुसरं विमान, यातलं एक निवडता येतं. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. तेव्हा सरकारने ७ डिसेंबरच्या रात्री ८ पर्यंत रिफंड पूर्ण करायला सांगितलं आणि प्रवास पुढे ढकलणाऱ्यांकडून शुल्क घेऊ नये असंही बजावलं.

अशा वेळी लोकांकडून एक गोष्ट होते. घाबरून मुलगा मोबाइलवर Cancel हे बटण दाबतो. मग कंपनीच्या कागदावर "प्रवाशाने रद्द केलं" अशी नोंद होऊ शकते आणि दंड कापला जाऊ शकतो. आधी कंपनीचा मेसेज किंवा मेल जपून ठेवा, आणि "तुम्ही रद्द केलं आहे, पूर्ण पैसे हवेत" असं लेखी मागा. पैशांऐवजी पुढच्या प्रवासाची जमा रक्कम, म्हणजे क्रेडिट, देऊ केली तर घ्यायची की नाही हे तुमच्या मर्जीवर. ती जबरदस्तीने देता येत नाही.

"पैसे परत आले म्हणतात, मग मला का नाही मिळाले?"

कारण रिफंड ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात परत येतो. चाचांनी एजंटला रोख दिले, एजंटने आपल्या खात्यातून कंपनीला दिले. म्हणून पैसे एजंटकडे परत येतात आणि तिथून चाचांकडे यायला हवेत. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे एजंट हा कंपनीचाच माणूस धरला जातो, त्यामुळे रिफंड पोचवण्याची जबाबदारी कंपनीची आहे. त्याला नियमात ठरवून दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. पण हे सांगायला हातात पुरावा हवा. रोखीने दिलेल्या पैशांची पावती नसेल तर काय मागणार? म्हणून बिलावर वरच्या चारही रकमा वेगळ्या लिहून घ्या आणि शक्य तेवढं बँकेतून द्या.

तिकीट पॅकेजमध्ये असेल, म्हणजे व्हिसा, हॉटेल, जेवण सगळं मिळून, तर आणखी एक प्रश्न विचारा: हे ग्रुप तिकीट आहे का? एजंट मोसमाआधी पन्नास-शंभर जागा एकदम घेतात. त्या स्वस्त पडतात, पण त्यातल्या एका माणसाचं तिकीट रद्द केलं तर बहुतेक वेळा काही परत येत नाही, आणि तारीखही बदलत नाही. सत्तरीच्या पुढच्या आणि तब्येत नाजूक असलेल्या माणसासाठी दोन-चार हजार जास्त देऊन रद्द करता येणारं तिकीट घेणं शहाणपणाचं. पॅकेजमधून माघार घेतली तर विमानाचे किती, हॉटेलचे किती, व्हिसाचे किती परत येतील हे वेगवेगळं लिहून मागा.

तिकीट खरंच निघालंय का, हेही घरबसल्या बघता येतं. एजंटने दिलेला सहा अक्षर-अंकांचा पीएनआर आणि पासपोर्टवरचं आडनाव कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर टाका. नुसता पीएनआर असणं पुरेसं नाही, कारण पैसे न भरता जागा काही काळ धरून ठेवली तरी पीएनआर मिळतो. एअर इंडिया, सौदियासारख्या कंपन्यांच्या पक्क्या तिकिटावर तेरा आकडी तिकीट क्रमांक असतो. एअर इंडियाचा 098 ने आणि सौदियाचा 065 ने सुरू होतो. तो नसेल तर एजंटला विचारा, "जागा धरली आहे की तिकीट काढलं आहे?"

कंपनी ऐकत नसेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. मग नागरी विमान मंत्रालयाच्या एअरसेवा या ॲपवर किंवा वेबसाइटवर ती नोंदवा. एजंट पैसे दाबून बसला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

पैसे देण्याआधी एजंटला विचारायचे पाच प्रश्न

हा भाग कापून किंवा लिहून खिशात ठेवायला हरकत नाही.

१. मूळ भाडं, इंधन अधिभार, कर आणि तुमचं शुल्क वेगवेगळं किती?
२. आज रद्द केलं, चार दिवस आधी केलं आणि गेलोच नाही, तर प्रत्येक वेळी हातात किती येतील?
३. तारीख बदलायला किती, आणि भाड्यातला फरक वेगळा लागेल ना?
४. बॅग किलोवर की नगावर? झमझम त्यात धरून की वेगळं?
५. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर आहे का, आणि हे ग्रुप तिकीट आहे का?

या पाचांची उत्तरं तोंडी घेऊ नका. एजंटला सांगा, "बेटा, व्हॉट्सॲपवर लिहून पाठव." लिहून पाठवायला तयार नसेल, तर पैसे देण्याची घाई करू नका.